हातात सिल्टी क्ले लोम, अहवालात क्ले लोम: काळ्या मातीचा पोत ठरवताना अडतं कुठे

नागपूर आणि आजूबाजूच्या तालुक्यांत मातीचे नमुने काढणाऱ्या मुलामुलींकडून एकच प्रश्न दर हंगामात येतो. शेतात उभं राहून मातीचा पोत, म्हणजे तिच्यातलं वाळू, सिल्ट आणि क्लेचं प्रमाण, हाताने ठरवला, वहीत 'सिल्टी क्ले लोम' लिहिलं आणि प्रयोगशाळेचा अहवाल आला 'क्ले लोम'. कधी याच्या उलट होतं. एकाच खड्ड्यावर दोघं बसतात आणि दोघांची नावं वेगळी निघतात. चिकणमाती आणि रेताड माती यांच्यात असा घोळ होत नाही. या दोन वर्गांत मात्र तो पुन्हा पुन्हा होतो आणि त्याची कारणं ठरावीक आहेत. ती एकेक करून तपासता येतात.

आधी दोघांमधला फरक नीट समजून घेऊ, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या, म्हणजे यूएसडीएच्या पोत-त्रिकोणात, ज्यावरून वाळू, सिल्ट, क्लेच्या टक्केवारीला नाव मिळतं, क्ले लोम आणि सिल्टी क्ले लोम या दोन्हींत क्लेचं प्रमाण सारखंच धरलंय, २७ ते ४० टक्के. दोघांना वेगळं करणारी रेघ एकच आहे आणि ती वाळूची. वाळू २० टक्के किंवा त्याहून कमी असेल तर सिल्टी क्ले लोम, २० च्या वर आणि ४५ पर्यंत असेल तर क्ले लोम. नावात सिल्ट असल्यामुळे आपण हातात सिल्ट शोधत बसतो, पण निकाल वाळूच्या कमी-जास्त असण्यावर लागतो.

म्हणूनच पट्टीच्या लांबीवरून या दोघांत निवड करणं व्यर्थ आहे. हाताने पोत ओळखण्याचा जो तक्ता आपण सगळे शिकतो, तो थीन यांनी १९७९ मध्ये मांडला. त्यात अंगठा आणि तर्जनीमधून काढलेली पट्टी आपल्याच वजनाने तुटेपर्यंत किती लांब जाते ते बघायचं असतं. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर लोमचा गट, अडीच ते पाचपर्यंत गेली तर क्ले लोमचा गट, पाचच्या पुढे गेली तर क्लेचा. ही पायरी क्लेचा अंदाज देते आणि तिथेच तिचं काम संपतं. कोणी चार सेंटिमीटरची पट्टी काढून 'लांब आली, म्हणजे सिल्टी नाही' असं म्हणत असेल, तर त्याने चुकीच्या पायरीवरून निकाल काढलाय. वाळूचा प्रश्न पुढच्या पायरीत सुटतो, तळहातावर चिमूटभर माती भरपूर पाण्यात घोळून बोटाने चोळतो तेव्हा. तक्ता तिथे तीनच पर्याय देतो. खरखर जास्त जाणवली तर सँडी क्ले लोम, मऊपणा जास्त जाणवला तर सिल्टी क्ले लोम, आणि दोन्हींपैकी काहीच वरचढ नसेल तर क्ले लोम.

आपल्या भागात ही 'मऊ की खरखरीत' पायरीच फसवते.

मळणं अपुरं राहतं

दोन माणसांची दोन नावं आली की मी सगळ्यात आधी एवढंच विचारतो की माती किती वेळ मळली. नागपूरच्या पश्चिमेकडची काळी माती बेसाल्टपासून झालेली आहे आणि तिच्यातली क्ले बहुतांशी स्मेक्टाइट जातीची. ही क्ले कोरडी झाली की तिचे बारीक, टणक दाणे बनतात. उन्हाळ्यात काळ्या रानाच्या वरच्या थरात जो भुसभुशीत, दाणेदार थर दिसतो तो हाच. पाणी घालून मिनिटभर मळलं तर यातले बरेच दाणे तसेच राहतात आणि बोटाला हुबेहूब वाळूसारखे लागतात. मग सिल्टी क्ले लोम असलेली माती खरखरीत वाटते आणि वहीत क्ले लोम लिहिलं जातं.

उपाय साधा आहे, पण तो टाळला जातो. दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळलेली साधारण २५ ग्रॅम माती तळहातावर घ्यायची, थेंब थेंब पाणी टाकत मळायची आणि सगळी ढेकळं मोडून एकजीव, आकार धरणारा गोळा होईपर्यंत थांबायचं नाही. काळ्या मातीला यासाठी चार-पाच मिनिटं सहज लागतात, कधी त्याहून जास्त. मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की मळता मळताच गोळा सुकतो. अशा वेळी पाणी पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, नाहीतर माती परत दाणे धरते. पाणी जास्त झालं तर थोडी कोरडी माती मिसळायची, गोळा फेकून नव्याने सुरुवात करायची गरज नाही.

मळणं पुरं झालं की नाही हे कळायला एक खूण आहे. खरखर लागली की तो कण अंगठ्याच्या नखाखाली दाबून बघा. चिरडला आणि नखावर काळी रेघ उमटली तर तो मातीचा न फुटलेला दाणा होता, वाळू नव्हे. वाळूचा कण दबत नाही, नखाखालून निसटतो. जोवर चिरडणारे दाणे सापडतात तोवर पुढच्या पायरीला जाऊ नका.

क्लेचा चिकट गुळगुळीतपणा सिल्टचा वाटतो

दुसरी अडचण याच्या उलट बाजूची आहे, आणि नवीन हातांमध्ये मला ती सगळ्यात जास्त दिसते. मळलेल्या काळ्या मातीवरून बोट फिरवलं की ते सरळ घसरतं आणि मुलं लगेच म्हणतात, 'गुळगुळीत आहे, म्हणजे सिल्टी.' पण हा गुळगुळीतपणा स्मेक्टाइटचा असतो. ओली क्ले वाळूच्या कणांवर लेप देते आणि बारीक वाळू त्या लेपाखाली दडून राहते. पंचवीस टक्के वाळू असलेली माती अशा वेळी बिनदिक्कत सिल्टी म्हणून नोंदवली जाते.

सिल्टचा मऊपणा वेगळा असतो. तो ओल्या मैद्यासारखा लागतो, बोटाला मऊ पण चिकटत नाही. क्ले मात्र बोट उचलताना ओढ देते, आणि मळलेल्या गोळ्यावर नख घासलं तर चकाकी येते. ज्या मातीत क्ले एकतृतीयांशाच्या आसपास आहे तिथे दोन्ही भावना एकत्र असतात, म्हणून नुसतं घासून सांगणं अवघड जातं.

यासाठी मी चिमूट-चाचणी थोडी लांबवायला सांगतो. चांगल्या मळलेल्या गोळ्यातून वाटाण्याएवढी माती तळहाताच्या खोलगट भागात घ्या, भरपूर पाणी घाला आणि तर्जनीने हलके गोल चोळत पूर्ण पातळ करा. गढूळ पाणी अलगद ओतून द्या. पुन्हा स्वच्छ पाणी घाला, पुन्हा चोळा, पुन्हा ओता. असं तीन-चार वेळा केलं की क्ले बरीचशी निघून जाते आणि हातावर उरतं ते बोलकं असतं. उरलेलं मऊ, जवळजवळ कण न जाणवणारं असेल आणि प्रत्येक धुण्यासोबत तेही कमी होत जात असेल, तर सिल्ट. बोटाखाली कुरकुर आवाज करत, उन्हात धरल्यावर चमकत, तळहाताच्या रेषांत ठाण मांडून बसलं असेल, तर वाळू. कुरकुर ऐकण्यासाठी हात कानाजवळ नेण्यात काही कमीपणा नाही, बारीक वाळू बोटापेक्षा कानाला लवकर कळते.

वाळूचा आकारही लक्षात घ्यावा लागतो. यूएसडीए ०.०५ मिलिमीटरपासून पुढच्या कणाला वाळू म्हणतं, आणि ०.०५ ते ०.१० मधली अतिबारीक वाळू हाताला जवळजवळ सिल्टसारखीच लागते. नदीकाठच्या गाळात ही भरपूर असते. याउलट रामटेकच्या बाजूला नाईससारख्या खडकांवर तयार झालेल्या जमिनीत वाळू जाड, क्वार्ट्झची असते. ती थोडी असली तरी हाताला खूप वाटते, पंधरा टक्के असेल तर तीस टक्क्यांचा भास होतो. म्हणजे एकाच माणसाचा हात कळमेश्वरच्या काळ्या मातीत एका बाजूने चुकेल आणि रामटेकला दुसऱ्या बाजूने. तालुका बदलला की हात नव्याने लावून घ्यावा लागतो.

शेतकऱ्याला विचारण्याचाही उपयोग होतो, पण प्रश्न बरोबर असला पाहिजे. 'माती कशी आहे?' विचारलं तर 'मोरंड आहे जी' किंवा 'भारी आहे जी' असं उत्तर येईल. ते खरंच असतं, पण त्यात खोली, रंग, ओल धरणं सगळं मिसळलेलं असतं, म्हणून त्यावरून आपला वर्ग ठरत नाही. त्यापेक्षा विचारावं की पेरणीनंतर जोराचा पाऊस आला तर वर पापडी धरते का. सिल्ट जास्त आणि वाळू कमी असलेली माती पावसाच्या थेंबांनी लवकर विस्कटते, बसते आणि पापडी धरते. 'धरते ना भाऊ, उगवण अडते' असं उत्तर आलं की वाळू कमी असावी असा मला संशय येतो. हा पुरावा नाही, फक्त कुठे दोनदा तपासावं याची खूण आहे.

चुना

आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी जागोजागी सापडते, खालच्या थरांत तर हमखास. ती पोताच्या चाचणीत दोन तऱ्हेने लुडबुड करते. चुनखडीचे बारीक खडे वाळूसारखे खरखरतात, आणि पिठूळ चुना सिल्टसारखा मऊ लागतो. दोन मिलिमीटरपेक्षा मोठे खडे चाळणीतच वेगळे होतात आणि पोतात धरले जात नाहीत. त्याहून लहान मात्र गोळ्यात राहतात.

पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकून फसफस होते का ते बघणं पुरेसं आहे. सर्वेक्षणाच्या पेटीत दहा टक्क्यांची छोटी बाटली असतेच. पण थेंब गोळ्यावर न टाकता, वर सांगितल्याप्रमाणे धुऊन उरलेल्या कणांवर टाका. तिथे जोरात फसफसलं तर तुमच्या 'वाळू'तला काही भाग चुना आहे. यूएसडीएच्या नेहमीच्या पद्धतीत चुन्याचा कण त्याच्या आकारानुसारच मोजतात, म्हणून नाव बदलण्याची गरज नाही. पण नोंद करा, कारण काही प्रयोगशाळा विश्लेषणाआधी आम्लाने चुना विरघळवून टाकतात आणि उरलेल्या मातीवर टक्केवारी काढतात. अशा नमुन्यात हात क्ले लोम म्हणेल, अहवाल सिल्टी क्ले लोम म्हणेल, आणि दोघं आपापल्या जागी बरोबर असतील.

हात अडला की वाळू मोजा

वाळू पंधरा ते पंचवीस टक्क्यांच्या मध्ये आहे असं वाटत असेल, तर हातावर हटून बसू नये. रेघ वाळूची आहे, तेव्हा वाळूच वेगळी करून तोलावी. याला संपूर्ण पिपेट पद्धत लागत नाही. काटा, एक उंच काचेचं भांडं, सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट आणि घड्याळ एवढ्यात काम होतं.

हवेत वाळवून चाळलेली ५० ग्रॅम माती घ्या. हेक्झामेटाफॉस्फेटच्या पाच टक्के द्रावणाचे १०० मिलिलिटर त्यात ओता आणि रात्रभर भिजू द्या. सकाळी मिक्सरने किंवा काचेच्या दांड्याने नीट घुसळा, मग उंच भांड्यात ओतून तळापासून बरोबर १० सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरा. पूर्ण ढवळा, ढवळणं थांबवल्याक्षणी घड्याळ लावा. ०.०५ मिलिमीटरचा कण २० अंशांच्या पाण्यात १० सेंटिमीटर खाली बसायला सुमारे ४५ सेकंद घेतो, ३० अंशांच्या पाण्यात सुमारे ३५. गरम पाणी पातळ असतं म्हणून कण त्यात लवकर बसतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये टाकीचं पाणी तीस अंशांच्या खाली क्वचितच असतं, तेव्हा पुस्तकातला २० अंशांचा वेळ लावला तर सिल्टचे काही कणही तळाशी बसून वाळूत मोजले जातात. थर्मामीटर बुडवूनच वेळ ठरवा.

तेवढा वेळ झाला की वरचं गढूळ पाणी हलक्या हाताने ओतून द्या, तळाचं हलू देऊ नका. पुन्हा १० सेंटिमीटरपर्यंत पाणी, पुन्हा ढवळणं, पुन्हा तेवढेच सेकंद. वरचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहायचं. पहिल्या एक-दोन वेळी तळाशी बरीच सिल्टही बसलेली असते, कारण ढवळणं थांबलं तेव्हा ती आधीच तळाजवळ होती. पुन्हा पुन्हा ओतल्यानेच ती निघते, म्हणून घाई केली की वाळू जास्त भरते. शेवटी उरलेलं १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवून तोला. भिंगातून एकदा बघा. काळपट, नखाने चिरडणारे दाणे दिसले तर माती पूर्ण फुटलेली नाही, नमुना पुन्हा भिजवा.

टक्केवारी काढताना एक बारीक गोष्ट सुटते. काळी माती हवेत वाळली तरी तिच्यात ओल राहते, सात-आठ टक्केही. म्हणजे तुमच्या ५० ग्रॅममध्ये कोरडी माती ४६ ग्रॅमच्या आसपासच आहे. उरलेली वाळू साडेनऊ ग्रॅम भरली तर पन्नासाने भागून १९ टक्के येतात, सेहेचाळीसने भागून साडेवीसच्या वर जातात. एवढ्याने मातीचं नाव बदलतं. त्यामुळे त्याच नमुन्याचा दुसरा छोटा भाग ओव्हनमध्ये २४ तास ठेवून ओल आधी काढून घ्या.

मौद्याकडचा एक नमुना

हे सगळं एका नमुन्यावर कसं लागतं ते सांगतो. मौदा तालुक्यात कन्हान नदीच्या काठाजवळच्या शेतातला वरच्या २० सेंटिमीटरचा थर होता. पदव्युत्तर शिकणाऱ्या एका मुलीने शेतात सिल्टी क्ले लोम लिहिलं होतं. प्रयोगशाळेने क्ले लोम कळवलं, आणि मार्गदर्शकांनी तिला सगळ्या नोंदी पुन्हा करायला सांगितल्या. तिने नमुना आणला आणि विचारलं, 'सर, माझा हातच बसला नाही का?'

आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. तिने माती पाच मिनिटं मळली, नखाखाली एकही दाणा चिरडला नाही. पट्टी साडेचार सेंटिमीटरवर तुटली, म्हणजे क्ले लोमचा गट, पण वरच्या टोकाकडे. तळहातावर धुतल्यावर उरलेलं मऊ होतं, अधूनमधून एखादा कण कुरकुरत होता. आम्ल टाकलं, फसफस जवळजवळ नाही. म्हणजे अपुरं मळणं नाही, चुना नाही आणि क्लेचा फसवा गुळगुळीतपणाही धुऊन निघालेला. हाताचं उत्तर अजूनही सिल्टी क्ले लोमच होतं.

मग वाळू मोजली. ५० ग्रॅम मातीत ओल वजा जाता ४६.४ ग्रॅम कोरडी माती. पाणी ३० अंश, वेळ ३५ सेकंद. उरलेली वाळू ७.६ ग्रॅम, म्हणजे १६ टक्क्यांहून थोडी जास्त. विसाच्या स्पष्टपणे आत. तिचा हात बरोबर होता.

मग अहवालच पुन्हा वाचला. त्यात चार रकाने होते: जाड वाळू ५, बारीक वाळू २६, सिल्ट ३३, क्ले ३६. उत्तर या रकान्यांतच होतं. वाळूचे 'जाड' आणि 'बारीक' असे दोनच भाग करणं ही आंतरराष्ट्रीय मृदाशास्त्र संस्थेच्या जुन्या वर्गवारीची पद्धत आहे. तिच्यात सिल्ट ०.००२ ते ०.०२ मिलिमीटरपर्यंतच धरतात आणि ०.०२ च्या वरचं सगळं वाळू. यूएसडीए सिल्ट ०.०५ पर्यंत धरतं. मधला ०.०२ ते ०.०५ चा पट्टा एका पद्धतीत बारीक वाळू, दुसऱ्या पद्धतीत सिल्ट. आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळा आंतरराष्ट्रीय पिपेट पद्धत वापरतात आणि तिचे आकडे थेट यूएसडीएच्या त्रिकोणावर बसवून नाव लिहितात. तिथे ३१ टक्के वाळू आणि ३६ टक्के क्ले या आकड्यांना क्ले लोम असंच उत्तर येणार.

खात्री करायला आम्ही तेच भांडं दुसऱ्या वेळेवर चालवलं. ०.०२ मिलिमीटरच्या कणाला ३० अंशांच्या पाण्यात १० सेंटिमीटर उतरायला सुमारे पावणेचार मिनिटं लागतात. नव्या ५० ग्रॅमवर प्रत्येक ओतण्याआधी तेवढं थांबलो. उरलं १४.१ ग्रॅम, म्हणजे ३० टक्क्यांच्या थोडं वर. प्रयोगशाळेच्या ३१ शी हे जुळतं. काटा बरोबर, पिपेट बरोबर, हात बरोबर. फक्त दोन मर्यादांचे आकडे एका त्रिकोणावर बसवले होते. यूएसडीएच्या मर्यादेत तोच नमुना वाळू १६, सिल्ट ४८, क्ले ३६ असा निघतो, म्हणजे सिल्टी क्ले लोम. तिने मार्गदर्शकांना दोन्ही वजनं दाखवली आणि नोंद तशीच राहिली.

नदीकाठच्या गाळात हा फरक इतका मोठा पडतो, कारण पुराचं संथ पाणी जे मागे सोडतं त्यात ०.०२ ते ०.०५ चा पट्टा बराच असतो. बेसाल्टवरच्या जड काळ्या रानात हा पट्टा लहान असेल तर दोन्ही पद्धतींची नावं एकच येऊ शकतात. त्यामुळे 'प्रयोगशाळा नेहमी चुकते' किंवा 'नेहमी एक वर्ग सरकवा' असा ठोकताळा करू नका. अहवालात जाड वाळू आणि बारीक वाळू असे दोन रकाने दिसले की आधी कणांची मर्यादा विचारा, मग हाताला दोष द्या.

पट्टी पाचच्या पुढे गेली तर

यावर दरवेळी एक उपप्रश्न येतो, म्हणून इथेच सांगतो. स्मेक्टाइटची माती तेवढ्याच क्लेवर केओलिनाइट या दुसऱ्या जातीच्या क्लेच्या मातीपेक्षा लांब पट्टी देते. त्यामुळे ३८ टक्के क्ले असलेला नमुना आपल्याकडे सहा सेंटिमीटरची पट्टी देऊ शकतो, आणि तक्त्याप्रमाणे तुम्ही तो क्ले किंवा सिल्टी क्ले लिहाल. इथे वाळू मोजून प्रश्न सुटत नाही, कारण वाद ४० टक्के क्लेच्या रेघेचा आहे. त्यासाठी हायड्रोमीटर किंवा पिपेटच लागतं. हाताच्या बाजूने करण्यासारखी गोष्ट एवढीच की तक्त्यातले सेंटिमीटर आपल्या भागातल्या, टक्केवारी माहीत असलेल्या नमुन्यांवर तपासून घ्यायचे. तक्ता शिकवण्यासाठी चांगला आहे, पण नागपूरच्या क्लेसाठी तो जुळवून घ्यावा लागतो.

म्हणून ज्यांना हे काम वर्षभर करायचं आहे त्यांनी संदर्भ-डब्या ठेवाव्यात. प्रयोगशाळेत पूर्ण विश्लेषण झालेल्या नमुन्यांपैकी अर्धा-अर्धा किलो माती झाकणबंद डब्यांत: एक वाळू १२ टक्क्यांच्या आसपास, एक २० च्या अगदी जवळची, एक ३० ची, आणि तिघींत क्ले साधारण सारखी. त्यातली एक डबी चुनखडीच्या जमिनीची असेल तर आणखी चांगलं. शेतात जायच्या दिवशी सकाळी प्रत्येकीतली चिमूट मळून, धुऊन बघायची. मधली डबी सगळ्यात महत्त्वाची, कारण तिच्यापेक्षा जास्त कुरकुरतं की कमी एवढंच तुम्हाला शेतात ठरवायचं असतं. डब्यांवर फक्त नाव लिहू नका. वाळू, सिल्ट, क्लेची टक्केवारी, सिल्टची वरची मर्यादा ०.०२ धरली होती की ०.०५, आणि चुना काढून मोजलं होतं की ठेवून, हे सगळं चिठ्ठीवर हवं.